मुशायऱ्याचे निवेदन कसे लिहावे

मुशायऱ्याचे सूत्रसंचालन करणाऱ्याला नाझिम म्हणतात आणि त्याच्या कामाला निजामत. लखनऊ विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक असलेले मलिकजादा मंजूर अहमद आणि गीतेचा उर्दू काव्यानुवाद करणारे अन्वर जलालपुरी यांनी निजामतीला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला. त्यांचे ओघवते निवेदन ऐकण्यासाठीही रसिक येत.

प्रास्ताविकाची सुरुवात संबोधनाने होते. आधी ‘सद्र-ए-मोहतरम’ म्हणजे अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग ‘शोअरा-ए-किराम’ म्हणजे कविमंडळी आणि शेवटी श्रोते. हा क्रम चुकला तर तो अनादर मानला जातो. त्यानंतर अध्यक्षांची परवानगी घेऊन त्या शहराच्या किंवा प्रसंगाच्या निमित्ताने चार-पाच वाक्यांची भूमिका मांडली जाते. कवींना बोलावण्याचा क्रम ज्येष्ठतेच्या उलट असतो: नवोदित आधी, उस्ताद नंतर, अध्यक्ष सर्वांत शेवटी.

खरी कसोटी प्रत्येक कवीच्या परिचयात लागते. समजा, मालेगावचा एक तरुण कवी प्रथमच मंचावर येणार आहे. त्याच्यासाठी नाझिम असे लिहू शकतो: ‘हजरात, जिस बस्ती में रात भर करघे चलते हैं, उसी बस्ती से एक नौजवान आया है, जिसकी गझल में मेहनत की आँच भी है और लहजे की नर्मी भी. मैं निहायत अदब के साथ दावत-ए-सुखन देता हूँ जनाब…’ आणि इथे नाव येते.

या दोन वाक्यांत बरेच काही साधले आहे. मागांच्या उल्लेखाने मालेगावचे नाव न घेताही गाव ओळखू येते. ‘आँच’ आणि ‘नर्मी’ या जोडीने वाक्याला तोल मिळतो आणि काय ऐकायचे याची श्रोत्याला चाहूल लागते. नाव अगदी शेवटी ठेवल्यामुळे टाळ्या कवीच्या वाट्याला येतात. नाव आधी घेतले की टाळ्या तिथेच पडतात आणि पुढचे विशेषण गोंगाटात हरवते.

अलंकरणाला मर्यादा हवी. नवोदिताला ‘या युगाचा महाकवी’ म्हटले तर पुढे उस्तादासाठी शब्दच उरत नाहीत. म्हणून कवी जितका ज्येष्ठ, तितका परिचय छोटा ठेवावा. उस्तादाबद्दल ‘मोहताज-ए-तआरुफ नहीं’, म्हणजे यांना परिचयाची गरज नाही, एवढे म्हटले तरी पुरते. कवी तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन, सादर करणार असेल तर तसे सूचित करावे. मात्र त्याचा गाजलेला शेर नाझिमाने आधीच म्हणू नये. त्या शेराची दाद कवीची असते.

परिचय लांबल्याची खूण सभागृहातच दिसते: कवी माइकपाशी येऊन ताटकळतो आणि श्रोते आपसांत बोलू लागतात. लिहिलेला परिचय मोठ्याने वाचून पाहावा. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला तर एक विशेषण कापावे.