अर्धा तास शेजाऱ्याचा

सिंगापूरला राहणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट खटकते. सकाळी साडेसहाला उठून पडदा सरकवावा, तर बाहेर काळोख. बरं, हिवाळा म्हणावा तर या गावाला हिवाळाच नाही. विषुववृत्त इथून फक्त सव्वा अंश खाली आहे, त्यामुळे बारा महिने दिवस बारा तासांचा आणि रात्र बारा तासांची. तरीही सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि डोक्यावर यायला साधारण दुपारचा एक वाजतो. सूर्य वेळेवरच येतो, घड्याळ पुढे आहे. आणि ते पुढे आहे ते शेजाऱ्यामुळे.

सूर्याच्या हिशेबाने किती वाजले?

पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. या एका आकड्यावर कोणत्याही गावाची नैसर्गिक वेळ काढता येते. सिंगापूर ग्रीनिचच्या पूर्वेला जेमतेम १०४ अंशांवर आहे. चारने गुणले की सुमारे ६ तास ५५ मिनिटे मिळतात. म्हणजे तिथली खरी वेळ ग्रीनिचच्या पुढे सात तासांना पाच मिनिटे कमी. आज सिंगापूरचे घड्याळ ग्रीनिचच्या आठ तास पुढे चालते, म्हणून ते सूर्याच्या एक तास पाच मिनिटे पुढे पळते. सूर्योदय नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावणेसातला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वासातला होतो. वर्षभरात याहून जास्त फरक पडत नाही.

तुलनेसाठी आपली मुंबई घ्या. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, तर मुंबई जवळपास ७३ अंशांवर. फरक सुमारे ३९ मिनिटांचा. तेवढ्या फरकासाठी मुंबईने १९०६ नंतरही कित्येक वर्षे आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नव्हती; तिचा वापर थांबायला १९५५ उजाडले. सिंगापूरने याच्या दीडपटीहून जास्त फरक मुकाट्याने पत्करला.

आधी उलटे होते

गंमत अशी की, सुरुवातीला शेजारीच सिंगापूरच्या वेळेवर चालत होता. १९०१ पर्यंत क्वालालंपूरची घड्याळे स्वतःच्या सूर्याप्रमाणे, सिंगापूरपेक्षा सुमारे नऊ मिनिटे मागे असत. त्या वर्षी मलय द्वीपकल्पात सिंगापूरची स्थानिक वेळ लागू झाली. १९०५ मध्ये ब्रिटिशांनी तिचा आकडा गोल करून नेमके सात तास केले. हा बदल पाच मिनिटांहूनही कमी होता, आणि भूगोलाला धरून असलेली ही शेवटची वेळ.

युद्धानंतरचा एक अपवाद सोडला, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती घड्याळ पुढेच ढकलत गेली. १९३३ मध्ये संध्याकाळचा उजेड कामी यावा म्हणून वीस मिनिटे वाढवली, १९४१ मध्ये आणखी दहा. वेळ साडेसात तासांवर आली. मग फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतले आणि तोक्योची वेळ लादली, ग्रीनिचच्या नऊ तास पुढे. त्या साडेतीन वर्षांत सिंगापूरच्या माथ्यावर सूर्य येत होता तो दुपारी दोनच्या सुमारास. जपानी गेले, घड्याळे पुन्हा साडेसातवर आली आणि १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले तरी तिथेच राहिली. देश दोन झाले, वेळ एकच होती.

क्वालालंपूरची अडचण

मलेशिया हा समुद्राने दोन तुकड्यांत विभागलेला देश आहे. पश्चिमेला द्वीपकल्प, पूर्वेला बोर्निओ बेटावरचे साबा आणि सारावाक. द्वीपकल्पाची वेळ साडेसात तास, बोर्निओकडची आठ. एकाच देशात अर्ध्या तासाची भिंत. जुलै १९८१ मध्ये महाथिर मोहम्मद पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी ही भिंत पाडायचे ठरले.

एकी करायची तर बोर्निओला अर्धा तास मागे आणता आले असते. सूर्याला तेच जास्त मानवले असते, कारण आठ तासांची वेळ ज्या १२० अंशांच्या रेषेची, ती रेषा मलेशियाला कुठेच शिवत नाही. साबाचे अगदी पूर्वेचे टोकही तिच्या अलीकडेच संपते. पण हाँगकाँग, मनिला, तैपेई, पर्थ ही सगळी आधीच आठवर होती. शिवाय लांबच्या, नव्याने जोडलेल्या राज्यांना आपल्याकडे ओढण्यापेक्षा राजधानीनेच त्यांच्याकडे सरकणे राजकारणात बरे दिसते. हे माझे अनुमान. पण घड्याळाच्या बाबतीत कोण कोणाकडे सरकले हे लोक विसरत नाहीत.

मग सिंगापूरने काय करायचे?

सिंगापूरपुढे दोन वाटा होत्या. साडेसातवरच राहायचे किंवा शेजाऱ्यामागून जायचे. त्यांनी दुसरी धरली, आणि कारणही व्यापाराचे आणि येण्याजाण्याचे सांगितले.

अर्धा तास एवढा जड का, हे समजायला नकाशा पुरतो. सिंगापूर आणि जोहोर बाहरू यांच्यामध्ये जेमतेम एक किलोमीटरचा बांध आहे. त्यावरून रस्ता, रेल्वे आणि पाण्याचे नळ जातात. सूर्याच्या हिशेबाने या दोन गावांत अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. जोहोरला राहून सिंगापूरला कामावर येणारे हजारो लोक रोज हा बांध ओलांडतात. मलेशियाची रेल्वे तर तेव्हा थेट सिंगापूरच्या तांजोंग पगार स्थानकात येऊन थांबायची. वेळा वेगळ्या ठेवल्या असत्या, तर या एका किलोमीटरवर रोज दोनदा घड्याळ फिरवावे लागले असते.

शेअर बाजाराची गाठ आणखी घट्ट होती. १९७३ पर्यंत दोन्ही देशांचा बाजार एकच होता. तो फुटला, तरी बऱ्याच कंपन्यांचे शेअर १९८० चे दशक संपेपर्यंत दोन्हीकडे विकले जात. आता समजा, दोन्ही बाजार आपापल्या घड्याळात एकाच वेळी उघडतात, पण घड्याळांतच अर्ध्या तासाचे अंतर आहे. मग क्वालालंपूरला भाव फुटून अर्धा तास झाला तरी सिंगापूरचा दलाल दार उघडायची वाट बघत बसणार. तोच शेअर, एक बाजार जागा आणि दुसरा झोपलेला. सिंगापूरने आपला बाजार लवकर उघडायचे ठरवले असते तरी चालले असते. पण मग बँका, टपाल, विमाने असे करत शेवटी सगळे शहरच अर्धा तास आधी उठले असते. त्यापेक्षा काटा फिरवणे सोपे.

ती रात्र

३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री साडेअकरा वाजता काटे अर्धा तास पुढे करून बारावर आणले गेले. सिंगापूरने आणि मलेशियाच्या द्वीपकल्पाने नवे वर्ष अर्धा तास आधीच सुरू केले. वर्षाच्या शेवटच्या रात्री ११ वाजून ४५ मिनिटे ही वेळ तिथे कधी आलीच नाही.

विषुववृत्ताची सवलत

अशी उधार वेळ सगळ्यांना पचते असे नाही. पोर्तुगालने १९९२ मध्ये युरोपातल्या व्यापारी भागीदारांशी जुळवून घेण्यासाठी एक तास पुढची मध्य युरोपीय वेळ धरली. त्या शरदात घड्याळे नेहमीप्रमाणे मागे घेतलीच नाहीत, एवढेच केले. लिस्बनला जानेवारीत सूर्य नऊला पाच मिनिटे कमी असताना उगवू लागला आणि मुले अंधारात शाळेत जाऊ लागली. जूनमध्ये दहा वाजले तरी उजेड मावळेना. १९९६ मध्ये पोर्तुगालने ती वेळ परत केली.

फरक अक्षांशाचा आहे. लिस्बन जवळपास ३९ अंश उत्तरेला आहे, तिथे हिवाळ्याचा दिवस आधीच आखूड. त्यात तासाची चूक मिसळली की सकाळ नाहीशी होते. सिंगापूरला दिवसाची लांबी वर्षभरात दहा मिनिटांनीही बदलत नाही. घड्याळ एक तास चुकले तर ती चूक रोज सारखीच राहते, आणि रोजच्या चुकीची सवय होते. शाळेची बस अंधारात पकडावी लागते हे खरे, पण संध्याकाळी सातपर्यंत उजेड मिळतो. नमाजाच्या वेळा सूर्यावर चालतात, त्यामुळे दुपारची नमाज एकच्या आसपास येते.

मलेशियाच्या वायव्य टोकाला मात्र ही सवलत थोडी ताणली जाते. पर्लिस राज्य १०० अंशांवर आहे, तिथे मध्यान्ह होते एक वाजून वीस मिनिटांच्या आसपास. तिथून थायलंडची हद्द ओलांडली की घड्याळ एकदम तासभर मागे. सूर्य मात्र दोन्हीकडे त्याच जागी.

पत्रिका मांडताना

या अर्ध्या तासाचा त्रास आता फक्त जुन्या तारखांत उरला आहे, आणि मराठी घरात तो हमखास पत्रिकेच्या वेळी निघतो. समजा, एखाद्याचा जन्म १९७९ च्या जुलैमध्ये सिंगापूरला संध्याकाळी साडेसहाला झाला. दाखल्यावरची वेळ साडेसात तासांची आहे, म्हणजे ग्रीनिचला तेव्हा सकाळचे अकरा आणि भारतात साडेचार. पत्रिका करणाऱ्याने आजचे आठ तास धरले, तर ग्रीनिचला साडेदहा आणि भारतात चार निघतात. आकाश अर्ध्या तासात साडेसात अंश फिरते. रास ३० अंशांची, त्यामुळे लग्नरास बदलण्याची शक्यता साधारण चारात एक. नवांश अवघा ३ अंश २० कलांचा, तो तर बदलणारच. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, मांडायची तर ती बरोबर वेळेची मांडावी.

तपासायची खूण सोपी आहे. जन्म १९४६ ते १९८१ या काळातला असेल तर भारत आणि सिंगापूर यांच्यात दोन तासांचा फरक हवा, नंतरचा असेल तर अडीच. चांगल्या संगणक प्रणाली हे आपोआप सांभाळतात, कारण त्या `Asia/Singapore` या नावाखाली ठेवलेला वेळेचा इतिहास वाचतात. नुसते `+08:00` लिहिलेले दिसले तर सावध व्हावे. याच संग्रहात `Asia/Kuala_Lumpur` ही स्वतंत्र नोंद आता उरलेली नाही. १९७० नंतर दोन्ही शहरांच्या वेळा तंतोतंत सारख्या असल्याने ते नाव फक्त सिंगापूरच्या नोंदीकडे बोट दाखवते. क्वालालंपूरची वेळ विचारली की संगणक सिंगापूरची काढून देतो.