शर्टावरचं नाव उलटं दिसतंय? क्लिप फ्लिप करा, पण आधी हे तपासा

सेल्फी व्हिडिओच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, टी-शर्टवर दुकानाचं नाव छापून घेतलं, मागे बोर्ड लावला, आणि व्हिडिओत सगळी अक्षरं उलटी! काय करू?" उपाय एका बटणाचा आहे. पण ते बटण कधी दाबायचं आणि दाबल्यावर काय काय बदलतं, हे माहीत नसेल तर एक गोष्ट सुधारते आणि दुसरी बिघडते. म्हणून आज नीट, सावकाश बघू.

आधी ओळखा: खरंच उलटं सेव्ह झालंय का?

फ्रंट कॅमेरा चालू केला की स्क्रीनवर आपण आरशासारखे दिसतो. आपल्याला स्वतःला आरशात बघायची सवय असते, उजवा हात हलवला की उजवीकडचाच हात हलायला हवा असतो, म्हणून फोन मुद्दाम तसं दाखवतो. म्हणजे शूटिंग चालू असताना अक्षरं उलटी दिसणं हा बिघाड नाही. खरी गोष्ट कळते ती सेव्ह झालेल्या फाइलमध्ये. म्हणून पाच सेकंदांची क्लिप घ्या, गॅलरीत उघडा आणि मग ठरवा.

व्हिडिओ कॉलवरही हाच घोळ होतो. आपल्याला आपली चौकट उलटी दिसते, पण समोरच्याला बोर्ड सरळच दिसत असतो. तिथे काहीही करायची गरज नाही.

तपासताना अक्षरं नीट निवडा. 'ठ', शून्य किंवा इंग्रजीतले A, M, O, T आरशातही जवळजवळ तसेच दिसतात, त्यामुळे फसायला होतं. 'क', 'ल', 'र' किंवा मोबाइल नंबरातला ७ बघा. फ्रेममध्ये अक्षरच नसेल तर कपड्यांवरून ओळखा. शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो, म्हणजे सरळ व्हिडिओत तो बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसला पाहिजे. नेहमीच्या पद्धतीच्या साडीचा डाव्या खांद्यावरचा पदरही तसाच, बघणाऱ्याच्या उजवीकडे.

पुढच्या वेळेसाठी सेटिंग

आयफोनमध्ये Settings मध्ये Camera उघडा आणि Mirror Front Camera बंद ठेवा. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Save selfies as previewed बंद करा. इतर फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Mirror हा शब्द शोधा. हे सेटिंग फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यापुरतं असतं. दुसऱ्या ॲपच्या आतून शूट करत असाल तर त्या ॲपमध्येही पाच सेकंदांची चाचणी वेगळी घ्या.

शूट झालेली क्लिप कशी सरळ करायची

आयफोनच्या Photos मध्ये व्हिडिओ उघडा, Edit, मग Crop. वरच्या बाजूला दोन त्रिकोणांचं चिन्ह दिसेल, ते दाबा आणि सेव्ह करा. अँड्रॉइडवर InShot सारख्या ॲपमध्ये क्लिप घ्या आणि खालच्या पट्टीत Flip दाबा. काही ॲपमध्ये यालाच Mirror म्हणतात.

इथे बरेच जण Rotate दाबतात. फिरवून अक्षरं कधीच सरळ होणार नाहीत, फक्त माणूस आडवा किंवा डोक्यावर उभा होईल. आपल्याला डावं-उजवं अदलाबदल करायचंय, म्हणजे आडवं फ्लिप. फ्लिप केल्यावर डोकं खाली गेलं तर ते उभं फ्लिप झालं, ते परत घ्या आणि दुसरा पर्याय वापरा.

कॉम्प्युटरवर खूप क्लिप करायच्या असतील आणि ffmpeg टाकलेलं असेल तर दर क्लिपसाठी एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf hflip -c:a copy clip_saral.mp4
```

एक उदाहरण पूर्ण बघू

आपल्या बॅचमधल्या एका फरसाणवाल्या ताईंची ५२ सेकंदांची क्लिप घेऊ. टी-शर्टवर दुकानाचं नाव, मागे भावाचा बोर्ड, काउंटरवर क्यूआर कोड. मधे चकली आणि शेवेचे दोन छोटे शॉट, ते मागच्या कॅमेऱ्याने घेतलेले.

पहिलं काम: फ्रंट कॅमेऱ्याची मूळ क्लिप, कापायच्या आधीच, फ्लिप केली. आधी कापून चार तुकडे केले असते तर चारही वेगवेगळे फ्लिप करावे लागले असते, आणि एखादा राहिला की मधेच नाव उलटं. चकली-शेवेचे शॉट मात्र तसेच ठेवले, कारण मागचा कॅमेरा उलटं घेत नाही. ते फ्लिप केले असते तर पाकिटावरचं लेबल उलटं झालं असतं.

दुसरं: "चकली पाव किलो ₹९०" ही अक्षरं फ्लिपनंतर टाकली. तयार व्हिडिओ, म्हणजे अक्षरं चिकटून एक्सपोर्ट झालेला, फ्लिप केला तर शर्ट सरळ होतो आणि भाव उलटा होतो!

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: हात. स्क्रीनवर बघत ताईंनी उजवीकडे बोट दाखवलं होतं, कारण भाव तिथे येणार होता. फ्लिप केल्यावर बोट डावीकडे गेलं. म्हणून भावाची अक्षरंही डावीकडे हलवली. पण पत्ता सांगताना "स्टँडकडून आलात की डाव्या हाताला" म्हणत त्यांनी डावा हात केला होता. सरळ व्हिडिओत तो बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसतो, म्हणजे तोंडाने डावीकडे आणि हाताने उजवीकडे. हे फ्लिपने सुटत नाही. तो आठ सेकंदांचा तुकडा परत शूट केला, या वेळी "डाव्या हाताला" म्हणताना उजवा हात करून.

शेवटी क्यूआर. उलटा क्यूआर काही ॲप वाचतात, काही नाही. म्हणून दुसऱ्या फोनने स्क्रीनवरचा कोड स्कॅन केला, दुकानाचं नाव आलं की नाही ते बघितलं आणि मगच पोस्ट केलं.

फ्लिप कुठे कामाचं नाही

सलून, कपड्यांचं दुकान, सराफ, यांच्या फ्रेममध्ये भिंतीवर आरसा असतो. आरशातली अक्षरं उलटीच दिसणार. ती सरळ करायला गेलात तर खरा बोर्ड उलटा होईल. तिथे फ्लिप नको, उभं राहायची जागा बदला.

लाइव्ह चालू असताना बोर्ड उलटा गेला तर नंतर काही करता येत नाही. आधी दुसऱ्या फोनवरून बघून घ्या. टाकलेल्या रीलमधला व्हिडिओही बदलता येत नाही. ती काढून सरळ केलेली परत टाकावी लागते, आणि जुने लाइक-कमेंट जातात. म्हणून पोस्ट करण्याआधीच बघणं स्वस्त.

आणि फ्लिप नेहमी फोनमधल्या मूळ फाइलवर करा. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप आधीच दाबलेली असते. ती परत एक्सपोर्ट केली की बारीक अक्षरं आणखी धूसर होतात, आणि मग नाव सरळ असूनही कुणाला वाचता येत नाही.

आजचं काम: दुकानाचं नाव हातात धरून पाच सेकंद शूट करा, गॅलरीत उघडा, आणि तुमचा फोन काय करतो ते खाली कमेंटमध्ये मॉडेलसकट लिहा. भेटू पुढच्या भागात.