उणे चिन्ह आलं म्हणून खोडू नका

बारावीच्या भौतिकशास्त्रात किरचॉफचे नियम पाठ नसलेलं मूल सहसा सापडत नाही. जंक्शनमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, आणि बंद लूपभोवती फिरून मूळ जागी आलं की व्होल्टेजची चढउतार शून्य होते. 1845 मध्ये गुस्टाफ किरचॉफने हे मांडलं तेव्हा तो क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. पण नियम येणं आणि दोन लूपचं गणित बरोबर येणं यांत अंतर आहे, आणि ते जवळजवळ सगळं अधिक-उणे चिन्हांचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांच्या वह्या तपासताना मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. ही मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली. पुस्तक इंग्रजी आणि बोलणं झाडीबोलीतलं, तरी चिन्हांची अडचण भाषेमुळे येत नाही. ती येते फिरण्याची दिशा आणि करंटची दिशा एकच समजल्यामुळे.

टेबलावर मांडलेलं सर्किट साधं आहे. डाव्या फांदीत दीड व्होल्टचे दोन सेल एकामागे एक, म्हणजे 3 व्होल्ट, आणि 100 ओहमचा रोध. उजव्या फांदीत एकच सेल, 1.5 व्होल्ट, आणि 200 ओहम. मधल्या फांदीत फक्त 600 ओहम. तिन्ही फांद्या वर एका जंक्शनला आणि खाली दुसऱ्या जंक्शनला मिळतात. दोन्ही बाजूंच्या सेलची धन टोकं वर आहेत. डाव्या आणि उजव्या फांदीतून करंट वर जातो, मधल्या फांदीतून खाली येतो, असं आपण धरलं. बाण काढले. आता हे बाण शेवटपर्यंत हलवायचे नाहीत.

वरच्या जंक्शनचं समीकरण सोपं आहे. खालच्या जंक्शनचंही काही मुलं लिहितात आणि दोन समीकरणं मिळाली असं समजतात, पण ते तेच समीकरण चिन्हं उलटवून आलेलं असतं, त्यातून नवं काही मिळत नाही. मग दोन लूप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचे. बाणाच्या दिशेने रोधातून गेलं तर व्होल्टेज उतरतं, बाणाच्या उलट गेलं तर चढतं. सेलमध्ये ऋण टोकाकडून धन टोकाकडे गेलं तर चढतं, उलट गेलं तर उतरतं.

```
I1 + I2 = I3
3 - 100·I1 - 600·I3 = 0
600·I3 + 200·I2 - 1.5 = 0
```

तिसऱ्या ओळीवर जरा थांबू. उजव्या लूपमध्ये आपण मधल्या फांदीतून वर चढतो. तिथला बाण खाली आहे, म्हणून 600·I3 अधिक. मग उजव्या फांदीतून खाली येतो. तिथला बाण वर आहे, म्हणून 200·I2 सुद्धा अधिक. सेलमधून मात्र धनाकडून ऋणाकडे जातो, म्हणून 1.5 उणे.

सोडवलं की I1 येतो 7.5 मिलिॲम्पिअर, I3 येतो 3.75, आणि I2 येतो उणे 3.75. इथे एक मुलगी हमखास विचारते, "सर, मायनस आलं. चुकलं का जी?" चुकलं नाही. बाण धरताना आपल्याला खरी दिशा माहीत नव्हती, उत्तराने ती सांगितली. उजव्या फांदीत करंट खाली जातो आहे. म्हणजे 3 व्होल्टची जोडी त्या एकट्या सेलमध्ये उलटा करंट ढकलते आहे. पण ते उणे पाहून घाबरलेली मुलं बाण खोडून उलटा काढतात आणि समीकरणं मात्र जुनीच ठेवतात. बाण बदलायचा असेल तर I2 असलेली दोन्ही समीकरणं बदलली पाहिजेत. नाहीतर बाण तसाच ठेवून उत्तराशेजारी 'खरी दिशा धरलेल्याच्या उलट' एवढं लिहावं.

जास्त फसवी चूक वेगळीच आहे. रोधात व्होल्टेज पडतं हे डोक्यात इतकं पक्कं असतं की उजव्या लूपमध्ये 200·I2 च्या आधी हात आपोआप उणे लिहितो. असं एक चिन्ह बदललं की I1 येतो उणे 3.75, I2 येतो 9.375 आणि I3 येतो 5.625 मिलिॲम्पिअर. जंक्शनचा हिशोब जुळतो. उत्तरं आपल्याच समीकरणांत परत घातली तर तीही जुळतात. बाहेरच्या मोठ्या लूपचं समीकरण याच चुकीच्या समजुतीने लिहून पाहिलं तरी शून्यच येतं, कारण ते समीकरण पहिल्या दोन लूपची बेरीजच असतं. मुलगा समाधानाने वही पुढे करतो. उत्तरं परत घालून फक्त बेरीज-वजाबाकी तपासली जाते, चिन्हं तपासली जात नाहीत, हे मी वर्गात सगळ्यात आधी सांगतो.

चिन्हं तपासायची तर समीकरणं झाकून ठेवावीत आणि फक्त आकृती पाहावी. खालच्या जंक्शनला शून्य व्होल्ट धरावं आणि वरच्या जंक्शनला तिन्ही फांद्यांनी वेगवेगळं चढून जावं. बरोबर उत्तर घेतलं तर डावीकडून 3 वजा 0.75, म्हणजे 2.25 व्होल्ट. मधून 600 गुणिले 3.75 मिलिॲम्पिअर, म्हणजे 2.25. उजवीकडून सेलचे 1.5, आणि करंट खरं तर खाली वाहत असल्यामुळे 0.75 ची भर, म्हणजे 2.25. तिन्ही वाटांनी एकच उंची आली. चुकीच्या उत्तराने डावीकडून आणि मधून 3.375 येतात, पण उजवीकडून 1.5 वजा 1.875, म्हणजे उणे 0.375. चूक तिथेच उघडी पडते.

त्याहून लवकर पकडायची खूण म्हणजे 3.375 हा आकडाच. सर्किटमधला सगळ्यात मोठा सेलगट 3 व्होल्टचा आणि दोन्ही गटांची धन टोकं एकाच जंक्शनकडे, मग तिथे 3 पेक्षा जास्त व्होल्ट येतील कुठून? शिवाय या उत्तरात दीड व्होल्टचा सेल तीन व्होल्टच्या जोडीला चार्ज करतो आहे. हे आकडेमोड न करताही खटकायला हवं.

मनात शंका राहिलीच तर शक्तीचा हिशोब करावा. 3 व्होल्टची जोडी 22.5 मिलिवॉट देते. तीन रोधांत मिळून 16.875 खर्च होतात आणि उरलेले 5.625 लहान सेल घेतो. बेरीज बरोबर 22.5. चुकीच्या उत्तरात सेल मिळून 2.8 मिलिवॉट देतात आणि रोध जवळपास 38 खर्च करतात. हे शक्यच नाही.

मग मिलिॲमीटर जोडायचा. उजव्या फांदीत तो आपल्या बाणाप्रमाणे जोडला की काटा शून्याच्या डावीकडे जाऊन अडतो. टोकं अदलाबदल केली की पावणेचारच्या आसपास येतो. नेमका 3.75 वर येत नाही, कारण मीटरला आणि सेललाही थोडा रोध असतो, आणि नवा सेल दीड व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाखवतो. जंगलातल्या गावांत सोलरच्या दिव्याला जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडली की हेच घडतं. दिवा लागलेला असतानाही नवी बॅटरी जुनीला करंट देत राहू शकते.

हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. सेलऐवजी बॅटरी एलिमिनेटर वापरू नका. त्यातल्या डायोडमुळे उलटा करंट आत जात नाही, उजव्या फांदीत मीटर शून्याजवळ राहतो आणि बरोबर गणित केलेल्या मुलाला आपलंच चुकलं असं वाटतं. साधे कोरडे सेल घ्या, वाचन झालं की लगेच कळ उघडा, कारण हे सेल चार्ज करण्यासाठी बनवलेले नसतात.