निष्क्रियतेची मोजणी

घरून काम करणाऱ्या सेवकाचा कळफलक व माऊस काही मिनिटे स्तब्ध राहिले, तर देखरेखीची संगणकप्रणाली त्या काळास ‘निष्क्रियता’ असे नाव देते. वस्तुतः हे वर्णन यंत्राच्या स्थितीचे असते, माणसाच्या कामाचे नव्हे. फ्रान्सच्या वैयक्तिक माहिती-संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील एका कंपनीस ४०,००० युरो दंड केला, त्यामागे इतर दोषांबरोबर हा भेदही होता. तेथे तीन ते पंधरा मिनिटांच्या स्तब्धतेची नोंद होई आणि तो वेळ भरून न काढल्यास वेतनात कपात होऊ शके. बैठकीत किंवा दूरध्वनीवर गेलेला वेळ कळफलकास कळत नाही. तेव्हा ही मोजणी कामाच्या तासांचीसुद्धा विश्वसनीय ठरत नाही, असा आयोगाचा अभिप्राय पडला. वेळोवेळी टिपलेल्या पडद्याच्या चित्रांत तर खाजगी पत्रे व संकेतशब्दही उघडे पडण्याचा संभव होता. सेवकांना तोंडी कल्पना दिली होती, हे समर्थनही पुरेसे ठरले नाही.

मालकाने कामाचा जाब विचारूच नये, असा याचा अर्थ नव्हे. एखाद्याचे अहवाल वारंवार उशिरा येत असतील, तर ठरलेल्या मुदती व प्रत्यक्ष तारखा त्याच्यापुढे ठेवता येतात आणि त्यांवर तो आपली बाजूही मांडू शकतो. महिन्यापूर्वी कळफलक अकरा मिनिटे का थांबला होता, हे मात्र त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.