नव्या सीएला ज्येष्ठाचे पत्र

सीएच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला की नातेवाईक, मित्र आणि शेजारी यांचे संदेश सुरू होतात. व्यवसायातल्या ज्येष्ठाचा, विशेषतः ज्यांच्या कार्यालयात आर्टिकलशिप झाली त्या प्रिन्सिपल सरांचा संदेश त्यांहून वेगळा असतो, कारण परीक्षेपलीकडे काय उरले आहे हे त्यांना ठाऊक असते.

पहिला फरक मायन्यातच दिसतो. इतर सगळे त्याच संध्याकाळी नावामागे 'सीए' लावून मोकळे होतात. जाणकार ज्येष्ठ तसे करत नाही. परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे सीए होणे नव्हे. १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार इन्स्टिट्यूटकडे अर्ज करून सभासदत्व घ्यावे लागते, सभासद क्रमांक मिळावा लागतो; 'सीए' ही उपाधी त्यानंतरची. स्वतःचा व्यवसाय करायचा तर सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस आणखी वेगळे. म्हणून सांगलीतले एखादे सर आपल्या विद्यार्थिनीला असे लिहितील:

'प्रिय मेघना, मनापासून अभिनंदन. बँकेच्या ऑडिटमध्ये व्याजाची चूक तू शोधलीस, त्याच दिवशी मला तुझी खात्री पटली होती. आता आधी सभासदत्वाचा अर्ज कर. सहीची घाई नको. आणि दुसऱ्याचे ऑडिट तुझ्याकडे आले, तर आधीच्या ऑडिटरला पत्र लिहिल्याशिवाय हो म्हणू नकोस.'

या पत्रात कौतुक एकाच कामाचे आहे, पण ते नेमके आहे. 'तुझ्या कष्टांचे चीज झाले' हे वाक्य कोणालाही लिहिता येते. व्याजाची चूक आठवणारा माणूस एकच असतो. कितव्या प्रयत्नात यश आले याचाही उल्लेख नाही. 'अखेर झालीस' असे एखादे वाक्य सगळ्या पत्राची चव घालवते.

शेवटची सूचना मात्र निव्वळ शिष्टाचाराची नाही. आधीच्या सीएला लेखी कळवल्याशिवाय त्याच्याकडचे ऑडिट स्वीकारणे हे कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. ग्राहक सहसा म्हणतो, 'त्यांचे-आमचे बोलणे झाले आहे.' पण ग्राहकाच्या सांगण्याने नव्या ऑडिटरची जबाबदारी टळत नाही. पत्र पोहोचल्याचा पुरावा फाइलला लावून ठेवावा लागतो. नवशिक्याकडून इथेच चूक होते, कारण पहिले काम हातचे जाईल ही धास्ती असते.

आपल्याकडे यशाचा फ्लेक्सही लागतो. घरच्यांनी नुसता आनंद म्हणून लावला तर कोणी हरकत घेत नाही. त्यावर नव्या कार्यालयाचा पत्ता, फोन आणि कामांची यादी आली, की ते ग्राहक मिळवण्यासाठी केलेले आवाहन ठरू शकते आणि उत्तर सभासदालाच द्यावे लागते. ज्येष्ठाने ही गोष्ट पत्रात न लिहिता घरच्यांना फोन करून सांगावी, तीही फ्लेक्स छापायला जाण्याआधी.