तीस दिवसांची सवलत, पण कशाची?

आरोग्य विम्याची मुदत संपली तरी हप्ता भरायला तीस दिवस मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या तीस दिवसांत विम्याचं संरक्षण मात्र नसतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एजंटही ‘महिनाभर चालतं हो’ म्हणून मोकळा होतो.

नाशिकच्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांचं उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण नियम खरे आहेत. मधुमेह आधीच जाहीर करून त्यांनी जून २०२१मध्ये पॉलिसी घेतली आणि दरवर्षी एकरकमी हप्ता भरला. १४ जून २०२५च्या मध्यरात्री मुदत संपली. ग्रेस पिरियड १४ जुलैपर्यंत. त्यांनी २ जुलैला पैसे भरले. चार वर्षांची सलगता टिकली, मधुमेहाचा वेटिंग पिरियड पुन्हा सुरू झाला नाही. पण २५ जूनला डेंग्यूने त्यांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असतं, तर ते बिल खिशातूनच गेलं असतं. मधल्या दिवसांचा हप्ता कंपनीकडे आलेलाच नव्हता. पॉलिसीवर्षातच हप्त्याहप्त्याने पैसे भरणाऱ्यांना मात्र सवलतीच्या दिवसांतही संरक्षण मिळतं. मासिक हप्ता असेल तर हे दिवस पंधराच.

आता समजा, पैसे २० जुलैला भरले. सहाच दिवसांचा उशीर, पण आता कंपनी त्याला नवा प्रस्ताव मानू शकते. मग पुन्हा वैद्यकीय तपासणी, जादा प्रीमियम किंवा सरळ नकार. पॉलिसी मिळाली तरी अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले तीस दिवस कोरडे. मोतीबिंदूसारख्या ठरावीक उपचारांसाठी बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा, मधुमेहाशी निगडित उपचारांसाठी तीन वर्षांपर्यंत, म्हणजे जुलै २०२८. साठलेला बोनसही गेला.

सर्वांत मोठं नुकसान मात्र लगेच दिसत नाही. सलग साठ महिने पॉलिसी चालली, की माहिती लपवली किंवा चुकीची दिली म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. या गृहस्थांचे अठ्ठेचाळीस महिने झाले होते. एक वर्ष उरलं होतं, ते आता पुन्हा पाच झालं.

चेक न वटल्यामुळे किंवा बँकेचं ऑटो-डेबिट फसल्यामुळेही हे घडतं. १९३८च्या विमा कायद्यातलं कलम ६४ व्हीबी सांगतं, की हप्ता आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. त्यामुळे पैसे कापले गेल्याचा मेसेज पुरेसा धरू नका. नवी पॉलिसी हाती आली, की तिच्यात पहिल्या पॉलिसीची सुरुवातीची तारीख पाहा. तिथे जून २०२१ऐवजी या वर्षाची तारीख असेल, तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा.