खडा फुटतो, पण बाहेर पडतो का?

‘उजव्या किडनीत १४ मिमीचा खडा, लोअर कॅलिक्स.’ असा रिपोर्ट हातात पडला की घरातले सगळे १४ या आकड्याकडे बघतात. पुढचे दोन शब्द वाचायचे राहून जातात आणि उपचार कोणता हे बरेचदा त्यांवरच ठरतं.

किडनीत लघवी आधी लहान लहान कप्प्यांत जमते, तिथून मधल्या पोकळीत येते आणि मूत्रवाहिनीतून मूत्राशयाकडे जाते. खालचा कप्पा या वाटेच्याही खाली असतो. त्यामुळे तिथला चुरा विहिरीच्या तळाशी बसलेल्या गाळासारखा बसून राहतो. वर चढून बाहेर पडणं त्याला जड जातं. कप्प्याची मान अरुंद असेल, लांब असेल किंवा मधल्या पोकळीशी तिचा कोन फार तीव्र असेल, तर आणखीच अवघड.

म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्यांदा शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन माणसाच्या किडनीतला खडा फोडण्यात आला. यालाच लिथोट्रिप्सी म्हणतात. चीर नाही, टाके नाहीत, बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. मिनिटाला साधारण ६० ते ९० असे दोन-तीन हजार धक्के दिले जातात. पण यंत्राचं काम खडा फोडण्यापुरतंच असतं. तुकडे लघवीवाटे बाहेर टाकायचं काम शरीराचं, आणि खालच्या कप्प्यात नेमकं तेच अडतं. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खालच्या कप्प्यातल्या खड्यांसाठी लिथोट्रिप्सी आणि पाठीतून छिद्र पाडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा लिथोट्रिप्सी झालेल्यांपैकी ३७ टक्केच पेशंट खड्यापासून मुक्त होते, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९५ टक्के. माझ्या मते पेशंटला निर्णयाआधी हे दोन आकडे कळलेच पाहिजेत.

आता वरच्या रिपोर्टचंच उदाहरण घेऊ. सीटी स्कॅन केला आणि खड्याची घनता १,२०० हाउन्सफिल्ड युनिट निघाली. हजाराच्या वरचा खडा सहसा कडक असतो आणि धक्क्यांना दाद देत नाही. पेशंट स्थूल असेल आणि त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतर १० सेंटिमीटरहून जास्त असेल, तर धक्क्याचा जोर आणखी कमी पडतो. जागा, कडकपणा आणि अंतर अशा तिन्ही गोष्टी विरोधात असताना लिथोट्रिप्सी केली, तर दुसरं सिटिंग, मग तिसरं, आणि शेवटी दुर्बीण, असा प्रवास होण्याची शक्यता बरीच असते. तुकडे मूत्रवाहिनीत रांगेने अडकून लघवीची वाट बंद होण्याचाही धोका असतो.

अशा पेशंटला आरआयआरएस जास्त योग्य. यात मूत्रमार्गातून जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, वाकणारी दुर्बीण किडनीपर्यंत नेतात. शक्य असेल तर खडा बारीक जाळीत धरून वरच्या कप्प्यात आणतात आणि तिथे लेझरने त्याची पूड करतात. भूल द्यावी लागते, आणि नंतर बहुधा काही दिवस स्टेंट ठेवतात. त्याने लघवीला सारखं जावंसं वाटतं, कंबर दुखते. मूत्रवाहिनीच अरुंद निघाली, तर त्या दिवशी फक्त स्टेंट घालून दोनेक आठवड्यांनी पुन्हा यायला सांगतात. तो डॉक्टरांचा हलगर्जीपणा नव्हे. जोर केला तर नळी फाटू शकते.

खडा २० मिमीहून मोठा असेल तर पीसीएनएल. पाठीतून थेट किडनीत वाट करून खडा फोडतात आणि तुकडे लगेच बाहेर काढतात. तुकडे शरीराच्या भरवशावर सोडावे लागत नाहीत, म्हणून निकाल चांगला लागतो. त्याची किंमत म्हणजे रक्तस्राव आणि हॉस्पिटलमधला मुक्काम. वाट साधारण एक सेंटिमीटर रुंदीची असते. ‘मिनी’ प्रकारात ती आणखी लहान केली जाते आणि आपल्या १४ मिमीच्या खड्यासाठी तोही पर्याय आहे.

मग लिथोट्रिप्सी कुणासाठी? तोच १४ मिमीचा खडा किडनीच्या मधल्या पोकळीत असता, घनता ६०० असती आणि पेशंट सडपातळ असता, तर चीर न देता सुटका होण्याची चांगली आशा होती. मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातला १० मिमीच्या आतला खडाही धक्क्यांनी किंवा दुर्बिणीने, दोन्ही तऱ्हांनी काढता येतो. मूत्राशयाजवळ अडकलेला त्याहून मोठा खडा मात्र दुर्बिणीनेच काढलेला बरा. गर्भवती बाई, रक्त गोठण्याचा दोष असलेला किंवा रक्त पातळ करणारी औषधं बंद करता येत नाहीत असा पेशंट, यांना धक्के देत नाहीत.

आणि वाट अडवलेल्या खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर या तिन्हींपैकी काहीच लगेच करायचं नसतं. आधी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात. खड्याचं पुढचं काम संसर्ग आटोक्यात आल्यावर. हा ताप अंगावर काढू नये, रात्री आला तर रात्रीच हॉस्पिटल गाठावं.